"यातला कुठला घेऊ?" असं कुणी विचारलं आणि मॉडेलही सांगितलं नाही, बजेटही नाही, तर

"दोन लॅपटॉप बघितलेत. एक एचपीचा आय-फाइव्ह, दुसरा लेनोवोचा रायझन फाइव्ह. दोन्हीत ८ जीबी आणि ५१२. चिन्मयसाठी हवाय. कुठला घेऊ रे?"

घरात, ऑफिसात किंवा सोसायटीत ज्याच्याबद्दल 'याला कॉम्प्युटरमधलं कळतं' असं एकदा बोललं गेलं, त्याला कॉलेज प्रवेशाच्या दिवसांत मावशीचा असा मेसेज येतोच. बाहेरून बघितलं तर मेसेजमध्ये सगळं आहे: कंपनी, प्रोसेसर, मेमरी, स्टोरेज. तरीही त्यावरून उत्तर देता येत नाही. आय-फाइव्ह हे नाव २००९ पासून बाजारात आहे आणि त्या नावाखाली दोन कोरपासून चौदा कोरपर्यंतचे प्रोसेसर विकले गेलेत. 'आय-फाइव्ह' एवढंच कळणं म्हणजे गाडी 'चारचाकी' आहे एवढंच कळण्यासारखं. किंमत किती आणि खिशात किती, हे तर मावशीने लिहिलेलंच नाही.

नव्याने सल्ला देऊ लागलेल्या माणसाच्या इथे दोन चुका होतात. पहिली म्हणजे लगेच "एचपी घे, चांगली कंपनी आहे" असं सांगून मोकळं होणं. दुसरी म्हणजे उलट दहा प्रश्नांची यादी पाठवणं: कोणतं जनरेशन, रॅम किती मेगाहर्ट्झची, डिस्प्लेचे निट्स किती. मावशीला यातलं काहीच सांगता येत नाही. ती "बरं, विचारते दुकानात" म्हणते आणि दुकानदार सांगेल तो घेऊन येते. दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती करताना आपण फार काटेकोर वागतोय असं वाटत राहतं.

पहिला मेसेज: थोडं उत्तर, दोनच प्रश्न आणि एक फोटो

विचारणाऱ्याला काहीतरी हातात पडलं की तो पुढचं सांगायला तयार होतो. म्हणून पहिल्या उत्तरात एक उपयोगी गोष्ट द्या आणि ज्याचं उत्तर घरबसल्या देता येईल तेवढंच विचारा. मावशीला पाठवायचा मेसेज साधारण असा:

"मावशी, नुसत्या आय-फाइव्ह आणि रायझन फाइव्हवरून सांगता येणार नाही, दोन्ही नावांत जुने-नवे बरेच प्रकार येतात. एक मात्र आत्ताच सांगतो. ज्यात नंतर रॅम वाढवता येते तो शक्यतो घ्यायचा. आता दोनच गोष्टी सांग. चिन्मय कशाला ॲडमिशन घेतोय? आणि दोघांच्या किमतीत फरक किती आहे? दुकानात परत जाशील तेव्हा दोन्हींच्या खोक्यावरच्या स्टिकरचा फोटो काढून पाठव. बाकी मी बघतो."

बजेट विचारलेलं नाही, मॉडेल नंबर विचारलेला नाही, तांत्रिक शब्द एकच आहे आणि तोही तिच्या ओळखीचा. तरी या तीन गोष्टींतून जवळजवळ सगळं कळतं. कसं, ते पुढे.

कशासाठी हवाय, हे विचारताना

"वापर काय असेल?" असं विचारलं की "अभ्यास, थोडं गेमिंग, मूव्ही" हे ठरलेलं उत्तर येतं. त्यातून काही हाती लागत नाही. कोर्सचं नाव विचारा, कारण कोर्सवरून सॉफ्टवेअर कळतं आणि सॉफ्टवेअरवरून किमान गरज.

बी.कॉम. आणि सोबत टॅली असेल तर विंडोज लागतंच, कारण टॅली प्राइम विंडोजवर चालतं. क्रोमबुक किंवा मॅकबुक यादीत असेल तर ते तिथेच बाद. सिव्हिल डिप्लोमावाल्याला ऑटोकॅड लागतं, त्यासाठी ८ जीबी ही अगदी खालची पायरी. कॉम्प्युटर डिप्लोमा असेल तर सी, पायथन, जावा हे सगळं ८ जीबीवर चालून जातं. पण शेवटच्या वर्षात अँड्रॉइड ॲपचा प्रोजेक्ट आला आणि अँड्रॉइड स्टुडिओसोबत एम्युलेटर, म्हणजे पडद्यावरचा नकली फोन, चालवायची वेळ आली की १६ जीबी लागते. ८ जीबीवर तो सुरू होतो, पण प्रत्येक क्लिकनंतर वाट बघत बसावं लागतं.

आणखी एक प्रश्न मनात ठेवा: मशीन किती वर्षं चालवायचंय? तो मावशीला विचारायची गरज नाही, कोर्सवरूनच समजतो. डिप्लोमा तीन वर्षांचा. त्यानंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला गेला तर आणखी तीन. म्हणजे आज पुरतंय का एवढ्यावर थांबू नका. चौथ्या वर्षी अडलं तर काही करता येईल का, हेही बघावं लागेल.

पैशाची गोष्ट, आकडा न विचारता

बजेट न सांगण्यामागे बहुतेक वेळा साधं कारण असतं. माणसाला बाजारभाव माहीत नसतो, म्हणून आपला आकडा कमी वाटेल का याचा संकोच असतो. किंवा आकडा सांगितला की समोरचा बरोबर तेवढ्याच किमतीचं काढून दाखवतो, हा दुकानातला अनुभव असतो. म्हणून "बजेट किती?" याला "बघू ना, चांगलं सांग" असंच उत्तर येतं.

दोघांतला फरक विचारला की ही अडचण टळते. "पहिला पाच हजारांनी महाग आहे" हे सांगायला कुणाला संकोच वाटत नाही, आणि तुलनेसाठी तेवढंच लागतं. तुमचा प्रश्न आता 'कुठला चांगला' असा मोघम राहत नाही. 'या पाच हजारांत नेमकं काय जास्त मिळतंय आणि चिन्मयला त्याचा उपयोग आहे का' असा होतो, आणि त्याला उत्तर देता येतं.

तरीही वरची मर्यादा हवी असेल तर दोन पर्याय द्या: "चाळीसच्या आत बसवायचंय की पन्नासपर्यंत चालेल?" मोकळ्या प्रश्नाला न मिळालेलं उत्तर इथे पटकन मिळतं.

फरक कळल्यावर दोन्ही किमती एकाच पायावर आणा. सांगितलेला भाव जीएसटी धरून आहे का? लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, आणि छोट्या दुकानाच्या कोटेशनमध्ये 'प्लस जीएसटी' बारीक अक्षरात असू शकतं. ४०,००० अधिक जीएसटी म्हणजे ४७,२००. एकात विंडोज आहे आणि दुसरा डॉसवर आहे का? डॉस लिहिलेला लॅपटॉप स्वस्त दिसतो, कारण त्यात विंडोजचं लायसन्स नसतं. आणि एका किमतीत जुन्या लॅपटॉपचा एक्स्चेंज किंवा एखाद्या बँकेच्या कार्डाची सूट आधीच वजा केलेली आहे का? मावशीकडे ते कार्ड नसेल तर तो भाव तिच्यासाठी नाहीच.

खरं मॉडेल कसं मिळवायचं

काचेमागच्या कार्डावर किंवा दुकानदाराच्या तोंडी जे नाव असतं ते मालिकेचं असतं, मॉडेलचं नव्हे. 'लेनोवो आयडियापॅड स्लिम ३' या एका नावाखाली बरीच वेगवेगळी मशिन्स विकली जातात. त्यातल्या 15AMN8 मध्ये एएमडीचे खालच्या पायरीचे प्रोसेसर आणि बोर्डावर कायमची बसवलेली मेमरी आहे. 15ABR8 मध्ये वरच्या पायरीचे प्रोसेसर आणि मेमरी वाढवायला एक जागा आहे. समोर ठेवली तर झाकण, रंग आणि किबोर्डवरून दोन्हींतला फरक ओळखणं कठीण.

खोक्याच्या बाजूला पांढरं स्टिकर असतं. त्यावर मॉडेल, पूर्ण प्रॉडक्ट नंबर, प्रोसेसर, मेमरी, तयार झाल्याचा किंवा आयात झाल्याचा महिना-वर्ष आणि एमआरपी हे सगळं असतं. हाच फोटो मागवायचा. फोटो धूसर आला तर बारकोडच्या आसपासचा भाग जवळून काढायला सांगा, नंबर बहुतेक तिथेच असतो.

खोकं समोर नसेल आणि डिस्प्लेवरचं मशीन सुरू असेल, तर विंडोजचं बटण आणि R एकत्र दाबून हे टाइप करायचं:

```
msinfo32
```

उघडलेल्या खिडकीत System Model, System SKU आणि Processor या तीन ओळींचा फोटो पुरेसा आहे. लेनोवोच्या मशीनवर System Model समोर आयडियापॅड असं नाव दिसत नाही, 82 ने किंवा 83 ने सुरू होणारा एक नंबर दिसतो. तो चुकीचा नाही. लेनोवोच्या psref.lenovo.com या पानावर तोच नंबर टाकला की मेमरीच्या जागांपासून पडद्याच्या प्रकारापर्यंत सगळा तपशील मिळतो. डेलच्या मशीनखाली सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग असतो, तो त्यांच्या सपोर्टच्या पानावर टाकला की ते मशीन कारखान्यातून कसं बाहेर पडलं ते दिसतं. एचपीचा नंबर लांबलचक असतो, शेवटच्या अक्षरासकट पूर्ण शोधायचा. शेवटची दोन अक्षरं सोडून शोधलं तर भलत्याच मशीनचं पान उघडतं. यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघतानाही हीच गडबड होते: रिव्ह्यू १६ जीबीवाल्या भावंडाचा असतो आणि घरी येतं ते ८ जीबीवालं.

फोटो आला. आता वाचायचं काय?

समजा, मावशीच्या फोटोंवरून हे निघालं: एचपीत Intel Core i5-1235U, लेनोवो 15AMN8 मध्ये AMD Ryzen 5 7520U. दोन्ही ८ जीबी, दोन्ही ५१२ जीबीची एसएसडी, दोन्ही १५.६ इंच. एचपी पाच हजारांनी महाग.

इंटेलच्या नंबरातले 12 म्हणजे बारावी पिढी, ती २०२२ ची. शेवटचं U म्हणजे कमी वीज खाणारा, हलक्या लॅपटॉपचा प्रोसेसर. तिथे H असतं तर जास्त ताकदीचा, जास्त तापणारा आणि बॅटरी लवकर संपवणारा. 1235U मध्ये दहा कोर आहेत, पण ते सारखे नाहीत: दोन वेगवान आणि आठ छोटे. 'दहा कोर' हे ऐकून भारावून जाऊ नका, तरी रोजच्या कामाला ही जोडणी चांगली आहे. २०२३ च्या अखेरीस इंटेलने नावं बदलायला सुरुवात केली. त्यामुळे स्टिकरवर i5 ऐवजी नुसतं Core 5 किंवा Core Ultra 5 दिसलं तर ते नव्या नावांचं मशीन, खोटा माल नव्हे.

एएमडीच्या नंबरात फसगत होते ती इथे. 7520U मधला पहिला 7 बघून माणूस म्हणतो, सात हजारची मालिका, म्हणजे नवीन. पण आतली रचना किती जुनी ते तिसरा आकडा सांगतो. 7520U मध्ये तो 2 आहे, म्हणजे झेन २. ही रचना एएमडीने २०१९ मध्ये बाजारात आणली. त्यात चार कोर आहेत. शेजारीच ठेवलेल्या Ryzen 5 7530U मध्ये तिसरा आकडा 3, म्हणजे झेन ३, आणि कोर सहा. नाव दोघांचं 'रायझन फाइव्ह', नंबरात फरक एका आकड्याचा, आणि प्रत्यक्षात पायरी वेगळी. तिसऱ्या आकड्याचा हा नियम सात हजार आणि आठ हजारच्या लॅपटॉप मालिकांपुरता आहे. Ryzen AI 5 340 अशा नव्या नावांना तो लावू नका.

म्हणजे आपल्या जोडीत प्रोसेसरच्या बाबतीत एचपी पुढे आहे. मात्र हे 'इंटेल विरुद्ध एएमडी' चं उत्तर नव्हे. लेनोवोत 7530U असता तर या मुद्द्यावर पाच हजार जास्त द्यायचं कारण उरलं नसतं.

मेमरी: इथे जरा जास्त वेळ द्या

दोन्हीकडे '८ जीबी' लिहिलंय, तरी दोन्ही आठ सारखे नाहीत. एचपीच्या तपशिलात `8 GB DDR4-3200 (1 x 8 GB)` असं असेल तर एकच पट्टी आहे आणि ती काढता-घालता येते. जागा एकूण किती, तेही त्याच पानावर असतं. लेनोवोच्या 15AMN8 मध्ये LPDDR5 आहे. या किमतीच्या लॅपटॉपमध्ये LPDDR ही अक्षरं दिसली की मेमरी बोर्डाला कायमची जोडलेली आहे असं समजा. ती वाढवता येत नाही, दुरुस्तीवाल्याकडे नेऊनही नाही. 7520U या प्रोसेसरला दुसरी कुठली मेमरी चालतच नाही, म्हणून 'याच मॉडेलमध्ये स्लॉटवाला पीस मिळेल' असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

चालू मशीनवर हे अर्ध्या मिनिटात तपासता येतं. Ctrl, Shift आणि Esc एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात Performance, मग Memory. उजवीकडे खाली बारीक अक्षरात दोन ओळी असतात. Slots used समोर 1 of 2 असेल तर एक जागा रिकामी. पण या ओळीवर एकटीवर भिस्त ठेवू नका, कारण कायमच्या मेमरीच्या चिपाही काही मशिन्समध्ये 'स्लॉट' म्हणून मोजल्या जातात. तिच्या खालची Form factor ही ओळ बघा. SODIMM असेल तर काढता येणारी पट्टी. Row of chips असेल तर बोर्डावर पक्की.

याच खिडकीत आणखी एक गोष्ट दिसते: Hardware reserved. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये पडद्यावर चित्र काढायचं काम प्रोसेसरमधलाच भाग करतो आणि त्यासाठी मेमरीतला एक हिस्सा आधीच बाजूला ठेवलेला असतो. म्हणजे ८ मधले पूर्ण ८ वापरायला मिळतच नाहीत. त्यातून विंडोज स्वतःसाठी घेतं, मग ब्राउझरचे आठ-दहा टॅब. उरतं ते चिन्मयच्या अँड्रॉइड स्टुडिओला.

एचपीसारख्या मशीनमध्ये नंतर दुसरी ८ जीबीची पट्टी घातली की दुहेरी फायदा होतो. जागा दुप्पट होते, आणि प्रोसेसर दोन वाटांनी मेमरीशी बोलू लागतो. त्याचा पुरावाही दिसतो: 1235U वर एकच पट्टी असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्सचं नाव Intel UHD Graphics असं येतं, दोन पट्ट्या झाल्या की तेच Iris Xe असं दिसू लागतं. चिप तीच, कारण Iris Xe ला दोन वाटांची मेमरी लागते.

पट्टी मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्या नाहीतर गावातल्या दुकानातून, त्या दिवसाचा भाव विचारूनच हिशेब करा, कारण रॅमचे भाव वर्षभरात बरेच वरखाली होतात. आणि पट्टी बसवण्यासाठी झाकण उघडल्याने वॉरंटीला बाधा येते का, हे आधी त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून ठेवा.

बाकीचं थोडक्यात

स्टोरेजवर फार वेळ घालवू नका. दोन्ही एसएसडी असतील तर या वापराला फरक जाणवणार नाही. फक्त खूप स्वस्त मशीनमध्ये एसएसडीऐवजी eMMC लिहिलेलं असेल तर ते संथ असतं, तो पर्याय सोडा.

पडदा मात्र कागदावरून कळत नाही, तो बघावा लागतो. या किमतीत बहुतेक ठिकाणी २५० निट्स उजेडाचा आणि ४५ टक्के एनटीएससी रंगांचा असाच पडदा मिळतो: रंग थोडे फिके, पण कोडिंगला आणि टॅलीला चालतो. मावशीला एवढंच सांगा की समोरून बघून झालं की जरा बाजूला सरकून आणि वरून उभं राहून बघ. रंग उलटेसुलटे दिसले तर तो टीएन पडदा, त्यापेक्षा दुसरा घ्यावा. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली सगळेच पडदे छान दिसतात. दाराजवळ उजेडात नेता आलं तर उत्तम.

वॉरंटीचा प्रश्न तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला शहरातल्यापेक्षा महाग पडतो. 'एक वर्ष वॉरंटी' दोन्हीवर लिहिलेलं असतं. ऑनसाइट असेल तर माणूस घरी येतो, कॅरी-इन असेल तर लॅपटॉप घेऊन सर्व्हिस सेंटरच्या गावी जावं लागतं, परत आणायलाही. घर औशाला आणि सेंटर लातूरला असेल तर तो दिवस आणि तो खर्च किमतीत धरायचा.

फोन असतील तर

पद्धत तीच, शोधायच्या जागा वेगळ्या. फोनच्या सेटिंग्जमध्ये About phone मध्ये मॉडेल नंबर असतो, खोक्यावरही असतो. एकाच नावाचा फोन ४जी आणि ५जी अशा दोन रूपांत येऊ शकतो आणि दोघांचे प्रोसेसर वेगळे असतात, म्हणून नाव ऐकून तुलना करायची नाही. '८+८ जीबी रॅम' असं लिहिलेलं असेल तर खरी रॅम पहिली ८. दुसरे ८ हे स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात आणि रॅमपेक्षा कितीतरी संथ असतात. त्याची तुलना सरळ १२ जीबी रॅमच्या फोनशी होत असेल तर १२ वाला मोठा.

फोनमध्ये नंतर काही बदलता येत नाही, त्यामुळे किती वर्षं चालवायचा हा प्रश्न इथे अपडेटवर येऊन थांबतो. कंपनीने किती वर्षं सुरक्षा अपडेट द्यायचं जाहीर केलंय ते बघा आणि ती वर्षं फोन बाजारात आला त्या तारखेपासून मोजा. दोन वर्षांपूर्वीचा फोन सवलतीत मिळतोय आणि अपडेट चार वर्षांचे, म्हणजे हातात दोनच उरली. बँकेची ॲप वापरणाऱ्यासाठी हा मुद्दा कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा मोठा आहे.

उत्तर लिहिताना

सगळा तपास झाला की मावशीला तक्ता पाठवू नका. तिला निर्णय हवाय, त्याचं एक कारण हवंय आणि निर्णय कधी बदलेल ते हवंय. चिन्मयने कॉम्प्युटर डिप्लोमाला प्रवेश घेतलाय आणि "पन्नासपर्यंत चालेल" असं तिने कळवलंय असं धरून:

"मावशी, एचपी घे. पाच हजार जास्त जातील, पण त्याचा प्रोसेसर वरचा आहे आणि त्यात नंतर रॅम वाढवता येईल. चिन्मयला शेवटच्या वर्षी ती लागेल. लेनोवोत रॅम कधीच वाढत नाही. दुकानदाराकडे त्याच लेनोवोचा 7530U वाला असेल तर मला नंबर पाठव, तो कदाचित एचपीपेक्षा स्वस्तात जमेल. आणि हातात चाळीसच असतील तर एचपीसाठी हप्ते करू नकोस, लेनोवोवर पहिली दोन वर्षं नीट जातील."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. बजेट तिने सांगितलं ते मोघम होतं. खरा आकडा कमी निघाला तर तिला परत विचारायला संकोच वाटू नये म्हणून ती वाट आधीच दाखवून ठेवायची. आणि हाच लॅपटॉप चिन्मयऐवजी बी.कॉम.च्या बहिणीसाठी असता, तर उत्तर उलटं द्यायला हरकत नव्हती: टॅली, एक्सेल आणि ऑनलाइन लेक्चर यांना लेनोवो पुरतो, वाचलेल्या पाच हजारांत प्रिंटरचा बराचसा खर्च निघतो.

खरेदीच्या दिवशी मावशीला दोन गोष्टी करायला सांगा. पैसे द्यायच्या आधी सीलबंद खोक्यावरचा पूर्ण नंबर तुम्ही पाठवलेल्या नंबराशी शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवायचा, कारण 'तोच आहे, फक्त रंग वेगळा' असं म्हणून दिलेल्या खोक्यात कधीकधी वेगळा प्रोसेसर निघतो. आणि बिलावर नुसतं 'एचपी लॅपटॉप' असेल तर मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर लिहून घ्यायचा. घरी आल्यावर सेटअप पूर्ण झाला की तेच टास्क मॅनेजरचं पान उघडून Form factor समोर SODIMM आहे ना, एवढं चिन्मयला बघायला सांगा. काही वेगळं दिसलं तर त्याच दिवशी बिल घेऊन दुकानात जायचं.